‘गुढीपाडव्यानिमित्त’मधला शेवटचा त्त

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. पाडव्याच्या आदल्या रात्री साडेदहाला दुकानाच्या मालकीणबाईंचा, म्हणजे काकूंचा फोन आला. “अगं, बॅनर बघ जरा. माझ्या जाऊबाईंनी फोटो पाठवलाय. शेवटचं अक्षर अर्धंच दिसतंय आणि ‘सूट’ खालून कापलंय.” सकाळी सातला सेल सुरू होणार होता आणि दुकानाची बहुतेक गिऱ्हाइकं फोनवरूनच खरेदी करतात.

बॅनरवरचा मजकूर काकूंनी त्याच संध्याकाळी स्वतः भरला होता : ‘गुढीपाडव्यानिमित्त पैठण्यांवर २५ टक्के सूट’. त्याआधी आठवडाभर तिथे ‘Padwa Sale, 25% Off’ असा नमुन्याचा मजकूर होता. त्यावरच मी अक्षरांचा आकार ठरवला, बॅनरची उंची ठरवली आणि काम झालं असं समजले. काकूंचा मजकूर आल्यावर लॅपटॉपवर फोनइतकी अरुंद खिडकी करून पाहिलंही होतं. तिथे सगळं बसत होतं.

जाऊबाईंच्या फोनवर मात्र पहिल्या ओळीत ‘गुढीपाडव्यानिमित्त’ उजव्या कडेला जाऊन धडकला होता आणि त्यातला ‘त्त’ मधोमध चिरला गेला होता. तिसऱ्या ओळीतल्या ‘सूट’च्या दीर्घ उकाराचा खालचा भाग गायब होता. तसाच साधा अँड्रॉइड फोन माझ्याकडे होता. तो वायरने लॅपटॉपला जोडला, क्रोममध्ये `chrome://inspect` उघडलं आणि फोनवरचं पान मोजायला घेतलं.

त्या फोनच्या पडद्याची रुंदी, वेबसाइटच्या मापाने, ३६० पिक्सेल. दोन्ही बाजूंची १६-१६ ची मोकळी जागा वजा केली की मजकुराला उरतात ३२८. अक्षरांचा आकार मी ५६ पिक्सेल ठेवला होता आणि त्या आकारात ‘गुढीपाडव्यानिमित्त’ हा एकटा शब्द ३६२ पिक्सेल भरत होता. शब्द जागेपेक्षा ३४ पिक्सेलने लांब. उजवीकडच्या मोकळ्या १६ पिक्सेलमध्ये तो शिरला, उरलेले १८ पडद्याबाहेर गेले, आणि ‘त्त’ नेमका तिथेच होता.

मग शब्द खालच्या ओळीत का नाही गेला? ब्राउझर ओळ मोडतो ती मोकळी जागा सापडली तर. शब्दाच्या पोटात तो आपणहून सुरी घालत नाही. एका ओळीत न मावणारा शब्द तो सरळ बाहेर जाऊ देतो. इथे मराठीचं वळण आडवं येतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. हिंदीत ‘गुड़ी पड़वा के अवसर पर’ असं लिहितात. पाच शब्द, मध्ये चार मोकळ्या जागा, म्हणजे ओळ मोडायला चार ठिकाणं. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून येतं, आणि जोडनाम असेल तर सगळा ऐवज एकच शब्द होतो. लिपी दोघींची एकच, देवनागरी. पण हिंदी मजकूर टाकून तपासलेलं बॅनर मराठीत फुटू शकतं. ‘देवनागरी चालते’ एवढ्या चाचणीवर मराठीचं भागत नाही.

लॅपटॉपवर हे का दिसलं नाही, त्याची कारणं दोन. मी खिडकी ३९० पिक्सेलची केली होती, म्हणजे मोठ्या फोनएवढी. शिवाय वेबसाइटच्या फॉन्टच्या फाइलमध्ये फक्त रोमन अक्षरं होती. अशा वेळी ब्राउझर मराठी अक्षरं त्या-त्या यंत्रातल्या फॉन्टमधून घेतो. माझ्या विंडोज लॅपटॉपवर ती ‘निर्मला’ या फॉन्टमधून आली, फोनवर ‘नोटो’मधून. दोन्हींची रुंदी वेगळी. माझ्याकडे तोच शब्द ३३८ पिक्सेलमध्ये मावत होता. ब्राउझरमधली फोनची नक्कल पडद्याचं माप फोनचं घेते, फॉन्ट मात्र लॅपटॉपचाच वापरते. म्हणून खरा फोन हातात घेतल्याशिवाय खात्री होत नाही.

घाईत मी पहिला उपाय चुकीचा केला. `word-break: break-all` लिहिलं की ब्राउझर शब्द कुठेही तोडतो. बॅनरवर ‘गुढीपाडव्यानिमि’ आणि खालच्या ओळीत एकटा ‘त्त’ असं दिसू लागलं. सणाच्या बॅनरवर हे मला पाहवेना. जुन्या फोनवर याहून वाईट होऊ शकतं : जोडाक्षरच फुटून वर पायमोडका ‘त्’ आणि खाली ‘त’. मराठी वाचकाला ‘त्त’ हे एक अक्षर असतं, पण युनिकोडच्या मूळ नियमांत हलंतानंतर तोडायला मुभा होती. अशी जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत आला, आणि जुन्या फोनमधल्या ब्राउझरला तो ठाऊक असेलच असं नाही.

उकाराचं दुखणं निराळं होतं. बॅनरची उंची मी १८० पिक्सेलवर बांधून टाकली होती, ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवली होती, आणि चौकटीबाहेर जाईल ते झाकायला `overflow: hidden` लिहिलं होतं. इंग्रजी मजकूर दोन ओळींत बसला होता, मराठीला तीन लागल्या. तिसरी ओळ चौकटीच्या तळाला टेकली आणि खाली लोंबणारा उकार झाकला गेला. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाखाली उकार असतात. रोमन अक्षरांना पुरणारी ओळ त्यांना तोकडी पडते. ओळीची उंची मी अक्षराच्या दीडपट धरते.

साडेअकराला काकूंना पुन्हा फोन केला. “काकू, ‘पाडव्याच्या निमित्ताने’ असं दोन शब्दांत लिहिलं तर? अर्थ तोच राहतो आणि ओळ मोडायला जागा मिळते.” त्या क्षणभर थांबल्या. “चालेल गं. पण माझ्या सासूबाई पाटीवर ‘गुढीपाडव्यानिमित्त’ असंच लिहायच्या. तेच राहू दे ना.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. शब्द बरोबरच होता. बदल चौकटीत व्हायला हवा होता. केला तो एवढाच :

```css
.banner {
  min-height: 180px;
}
.banner h2 {
  font-size: clamp(28px, 9vw, 56px);
  line-height: 1.5;
  overflow-wrap: break-word;
}
```

बांधलेल्या उंचीच्या जागी आता किमान उंची आली, म्हणून मजकूर वाढला की चौकट वाढते. `9vw` म्हणजे पडद्याच्या रुंदीचे ९ टक्के. ३६० च्या फोनवर अक्षर सुमारे ३२ पिक्सेलचं झालं आणि तोच शब्द २०९ पिक्सेलमध्ये आला. मात्र ते २८ च्या खाली उतरत नाही आणि ५६ च्या वर चढत नाही. शेवटची ओळ निव्वळ आधाराची : एखादा शब्द तरीही मावला नाही तरच ब्राउझरने तो तोडावा. `break-all`सारखं मावणाऱ्या शब्दांनाही ती तोडत नाही.

बाराला जाऊबाईंच्या फोनवर अजून जुनंच बॅनर दिसत होतं, कारण फोनने आधीची फाइल साठवून ठेवली होती. फाइलच्या पत्त्यामागे `?v=2` जोडलं आणि त्यांना पान पुन्हा उघडायला सांगितलं. पाच मिनिटांत नवा फोटो आला. ‘त्त’ पूर्ण होता, ‘सूट’चा उकारही.

झोपण्याआधी मी नमुन्याच्या मजकुरातून ‘Padwa Sale’ काढलं आणि तिथे ‘अक्षय्यतृतीयेनिमित्त’ टाकलं. पुढचा सण तोच होता.