पालेभाजी बंद नाही, नेहमीइतकीच

लेस्टरला आमच्या सासूबाईंच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी वॉरफरिन सुरू केलं. रोज संध्याकाळी 5 मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला 35. नर्स इंग्रजीत सांगायची आणि मी आईंना मराठीत.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर काढतात. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो, ते हा आकडा सांगतो. हे औषध न घेणाऱ्याचा तो साधारण 1 असतो, आईंचा 2 ते 3 हवा होता. दोन महिने तो 2.4 च्या आसपास राहिला.

मग एका भेटीत नर्स म्हणाली, हिरव्या भाज्यांच्या बाबतीत जपा, खाण्यात एकदम बदल नको. मी घाईत सांगितलं, ‘‘आई, पालेभाज्या बंद.’’ आठवड्यातून चारदा मेथी-पालक खाणाऱ्या आईंनी त्या दिवसापासून पालेभाजीला हात लावला नाही.

यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करतं, त्याला के जीवनसत्त्व लागतं. वॉरफरिन नेमकं तिथे आड येतं. पालेभाजीतून हे जीवनसत्त्व भरपूर मिळतं, म्हणून ती थांबली की तीच गोळी जास्त जोरात काम करते. पुढच्या तपासणीत आकडा 3.8 आला. नाक फुटलं नव्हतं, हिरड्यांतून रक्त नव्हतं. खाण्याविषयी आम्ही काही बोललो नाही, त्यामुळे डोस कमी झाला: आठवड्यातले तीन दिवस 4 आणि चार दिवस 5, एकूण 32.

नंतर पुण्याहून नणंद आली आणि घरात पुन्हा मेथी शिजू लागली. डोस कमी केलेला, भाजी वाढलेली. आकडा 1.7, म्हणजे गुठळीचा धोका. आता नर्सनं विचारलं, ‘‘जेवणात काय बदललं?’’ तेव्हा माझी चूक उघड झाली. डोस परत 35 वर नेला आणि आठवड्यानं पुन्हा रक्त तपासलं, कारण बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. आकडा 2.5.

इथे 5 ची गोळी गुलाबी, 3 ची निळी, 1 ची तपकिरी असते. भारतातल्या गोळ्यांचे रंग तसेच असतील असं नाही, म्हणून आम्ही डोस मिलिग्रॅममध्येच बोलतो. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. अँटिबायोटिक किंवा नवी वेदनाशामक गोळी सुरू होण्याआधी क्लिनिकला फोन करायचा. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालय गाठायचं.

फ्रिजवरच्या कागदावर आता मराठीत लिहिलंय: मेथी, पालक, शेपू, आठवड्यातून चारदा, नेहमीइतकीच वाटी.