खात्यात आलेले पैसे आपले कधी होतात?

कोल्हापुरातून चपलांचा जोड थेट अमेरिकेतल्या ग्राहकाला विकणे आता नवलाईचे राहिलेले नाही. एक वेबसाइट, एक कुरिअरवाला आणि परदेशी कार्डे स्वीकारणारा एक पेमेंट प्रोसेसर मिळाला की दुकान सुरू होते. वेबसाइटच्या रंगावर आठवडा जातो, कुरिअरच्या दरावर घासाघीस होते. प्रोसेसरचा करार मात्र न वाचताच मान्य केला जातो. तो लांबलचक असतो, वकिली इंग्रजीत असतो आणि त्यात बदल करून मिळण्याची आशा नसते. तरी त्यातली सेटलमेंट, चार्जबॅक आणि रिझर्व्ह ही तीन कलमे शेजारी ठेवून वाचायलाच हवीत. एकेकटे वाचले तर प्रत्येक कलम निरुपद्रवी वाटते.

एक कल्पित विक्रेती धरू. ती ८० डॉलरला एक जोड विकते. चामडे, कारागिराची मजुरी आणि पॅकिंग मिळून तिला ३० डॉलर खर्च येतो आणि परदेशी कुरिअरला १८. प्रोसेसर साडेचार टक्के, म्हणजे ३ डॉलर ६० सेंट घेतो. डॉलरचे रुपये करताना तो बाजारभावापेक्षा थोडा कमी दर देतो, त्यात आणखी दीडेक डॉलर जातो. तिच्या हाती जोडामागे साधारण २७ डॉलर नफा उरतो. महिन्याला १०० जोड खपतात. व्यवसाय बरा चालला आहे म्हणायचा.

सेटलमेंट म्हणजे ग्राहकाकडून गोळा झालेले पैसे प्रोसेसरने विक्रेत्याच्या बँक खात्यात पाठवणे. व्यवहारानंतर दोन ते सात दिवसांत पैसे येतील, असे कलमात लिहिलेले असते आणि तेवढेच वाचून आपण पान उलटतो. खरी मेख पुढच्या वाक्यात असते. सेटलमेंट ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरती आहे, आणि परतावे, चार्जबॅक, शुल्क, दंड व रिझर्व्ह वजा करून उरलेली रक्कमच दिली जाईल, असे तिथे म्हटलेले असते. बरोबरीने ‘सेट-ऑफ’चा अधिकार येतो. विक्रेत्याकडून काही येणे निघाले तर प्रोसेसर ते पुढच्या कुठल्याही सेटलमेंटमधून परस्पर वळते करून घेऊ शकतो. थोडक्यात, खात्यात जमा झालेली रक्कम ही अंतिम पावती नव्हे. ती पुढचे काही महिने परत मागितली जाऊ शकते.

परत मागण्याचा रस्ता म्हणजे चार्जबॅक. इथे ग्राहक विक्रेत्याकडे परतावा मागत नाही. तो स्वतःच्या बँकेला सांगतो, की हा व्यवहार मला मान्य नाही. बँक कार्ड नेटवर्कमार्फत ती रक्कम प्रोसेसरकडून ओढून घेते आणि प्रोसेसर ती विक्रेत्याच्या खात्यातून कापतो. आधी कापाकापी, मग सुनावणी. व्हिसाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत आहे. माल मिळालाच नाही अशी तक्रार असेल तर हे दिवस विक्रीपासून मोजले जातीलच असे नाही, माल पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेपासूनही मोजले जातात. म्हणजे ‘सहा आठवड्यांत डिलिव्हरी’ असे लिहिणाऱ्याने आपल्या जोखमीची मुदतही तितकी लांबवलेली असते.

आपल्या चपलांवर तीन प्रकारच्या तक्रारी येऊ शकतात. पहिली, ‘मी हा व्यवहार केलाच नाही’. भारतात ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपी लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या विक्रेत्याला हा प्रकार फारसा ठाऊक नसतो. अमेरिकेत अनेकदा कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. व्यवहार थ्री-डी सिक्युअर पद्धतीने पडताळलेला असेल तर अशा फसवणुकीची जबाबदारी सहसा ग्राहकाच्या बँकेकडे सरकते. म्हणून प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये ही पडताळणी सुरू आहे का, ते पाहावे. पण हे संरक्षण फक्त याच तक्रारीपुरते आहे. यातल्या काही तक्रारी निव्वळ विस्मरणातून येतात. ग्राहकाच्या कार्डाच्या हिशेबात दुकानाच्या नावाऐवजी मालकाचे किंवा फर्मचे अनोळखी नाव छापून येते आणि तो घाबरून बँकेला फोन लावतो. तिथे काय नाव छापले जावे हे प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये बदलता येते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते न केल्याने जाणारे पैसे पाहिले की हळहळ वाटते.

दुसरी तक्रार, ‘माल मिळाला नाही’. ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर पार्सल पोहोचल्याची नोंद दाखवणारे ट्रॅकिंग असेल तर ही लढाई जिंकता येते. पार्सल विक्रेत्याने रवाना केले, एवढा पुरावा पुरत नाही.

तिसरी सर्वांत चिवट असते, ‘वर्णनाप्रमाणे नाही’. कोल्हापुरीचा तळ सुरुवातीला कडक असतो, चामड्याला वास असतो, दोन जोडांचा रंग तंतोतंत जुळत नाही. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही, ओहायोतल्या ग्राहकाला दिसते. इथे ट्रॅकिंगचा उपयोग नाही. खरेदीच्या वेळी पानावर या गोष्टी लिहिलेल्या होत्या का, अमेरिकी मापांचा तक्ता होता का, परत पाठवण्याची अट पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला दिसत होती का, हे पाहिले जाते. म्हणून उत्पादनाच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवावी. पान नंतर सुधारले तर जुना पुरावा नाहीसा होतो.

उत्तर द्यायला किती दिवस मिळतात, हे करारातून शोधून भिंतीवर लिहून ठेवावे. कार्ड नेटवर्क प्रोसेसरला काही आठवडे देते, पण त्यातून प्रोसेसर स्वतःचा वेळ राखून ठेवतो. विक्रेत्याच्या वाट्याला कधी आठवडा-दीड आठवडाच येतो. मुदत चुकली तर खरेपणाचा विचारच होत नाही, हार नोंदवली जाते. आणखी एक सापळा आहे. चार्जबॅक दाखल झाल्यावर भांडण नको म्हणून विक्रेता ग्राहकाला वेगळा परतावा देऊन टाकतो. रक्कम आधीच कापली गेलेली असते, त्यामुळे ती दोनदा जाऊ शकते. परतावा द्यायचा तर तक्रार बँकेत जाण्याआधी. नंतर नाही.

हरल्यावर हिशेब काय होतो? ८० डॉलर परत गेले. प्रोसेसरने तक्रार हाताळण्याचे शुल्क लावले, ते १५ डॉलर धरू. मूळ व्यवहाराचे कमिशन आणि रूपांतराचा दीड डॉलर परत मिळाला नाही. चप्पल आणि कुरिअरचे ४८ डॉलर तर गेलेच. एकूण खड्डा ६८ डॉलरचा. जोडामागे २७ डॉलर नफा म्हटला तर तो भरायला अडीच जोड विकावे लागतात. हे शुल्क विक्रेता जिंकला तर परत मिळते की नाही, हे प्रत्येक करारात वेगळे असते.

पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तक्रारींची संख्या. प्रोसेसर एकूण व्यवहारांशी तक्रारींचे प्रमाण पाहतो आणि बहुतेकदा ते रकमेवर नव्हे, नगांवर मोजतो. मास्टरकार्डच्या पद्धतीत या महिन्यातले चार्जबॅक मागच्या महिन्यातल्या व्यवहारांनी भागले जातात. सणाच्या दिवसांत धडाक्याने विक्री झाली, दोन महिन्यांनी तिच्या तक्रारी आल्या आणि तोवर विक्री ओसरली, तर प्रमाण एकदम वाढलेले दिसते. विक्रेत्याचे काही बिघडलेले नसतानाही प्रोसेसरचे कान टवकारतात.

कान टवकारले की तो रिझर्व्हचे कलम बाहेर काढतो. रिझर्व्ह म्हणजे अनामत, फक्त ती आपण देत नाही, तो कापून घेतो. त्याची भीती अगदीच अनाठायी नसते. विक्रेता दुकान बंद करून गेला आणि मागून चार्जबॅक आले, तर ते प्रोसेसर आणि त्याच्यामागच्या बँकेला सोसावे लागतात. म्हणून नेहमीचा प्रकार ‘रोलिंग रिझर्व्ह’: प्रत्येक विक्रीचे, समजा १० टक्के १८० दिवस अडकवून ठेवायचे आणि मग सोडायचे. १२० दिवसांची तक्रारीची मुदत आणि वर निकालाला लागणारा वेळ मिळून ही मुदत बनते.

दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. आपल्या विक्रेतीची महिन्याची विक्री ८,००० डॉलरची, म्हणून दरमहा ८०० डॉलर अडकतात. कापणी विक्रीवर होते, नफ्यावर नाही. तिचा महिन्याचा नफा २,७०० डॉलर, म्हणजे नफ्याचे जवळपास ३० टक्के हाती येत नाहीत. सहा महिन्यांत ४,८०० डॉलर तिकडे साठतात. सातव्या महिन्यात पहिल्या महिन्याचे ८०० सुटतात आणि सातव्याचे ८०० अडकतात, त्यामुळे साठा तेवढाच राहतो. विक्री वाढली तर साठाही वाढतो. नेमक्या त्याच वेळी जास्त चामडे उचलायला रोख हवी असते.

बहुतेक करारांत रिझर्व्ह लावणे, वाढवणे आणि लांबवणे प्रोसेसरच्या ‘सोल डिस्क्रिशन’वर, म्हणजे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर सोपवलेले असते. खाते बंद झाल्यावरही हे कलम जिवंत राहते. १८० दिवस प्रत्येक व्यवहारापासून मोजायचे की खाते बंद झाल्यापासून, यावर बरेच अवलंबून असते. पहिल्या पद्धतीत पैसे टप्प्याटप्प्याने परत येतात. दुसऱ्या पद्धतीत सगळे ४,८०० डॉलर सहा महिने हलत नाहीत.

भारतीय निर्यातदाराला यात आणखी एक पदर आहे. फेमा कायद्याखालच्या नियमांनुसार निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत देशात यावे लागतात आणि बँक शिपिंग बिलाशी आलेली रक्कम जुळवून पाहते. ८० डॉलरच्या बिलापोटी रिझर्व्ह, कमिशन वजा होऊन सुमारे ६८ डॉलर आले, तर उरलेले कुठे आहेत हे बँकेला सांगावे लागते. त्यासाठी प्रत्येक सेटलमेंटचा तपशीलवार अहवाल उतरवून ठेवावा. त्यात विक्री, कमिशन, रिझर्व्ह आणि चार्जबॅक हे चार रकाने वेगळे दिसायला हवेत. नुसते बँकेचे पासबुक दाखवून हा हिशेब लागत नाही.

करार मान्य करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: रिझर्व्हला कमाल मर्यादा आहे का, तो बदलताना किती दिवसांची सूचना मिळेल, १८० दिवस कशापासून मोजणार आणि चार्जबॅक जिंकल्यास शुल्क परत मिळेल का. विक्री प्रतिनिधी फोनवर गोड उत्तरे देईल. पण अशा करारांच्या शेवटी एक कलम हमखास असते, की लिखित कराराबाहेर दिलेले कोणतेही आश्वासन धरले जाणार नाही. म्हणून ती उत्तरे करारात किंवा त्याच्या लेखी पुरवणीत आहेत ना, एवढे पाहा. तिथे नसतील तर ती मिळालीच नाहीत असे समजून किमतीचा आणि भांडवलाचा हिशेब करा.