‘हॅपी बर्थडे’च्या पुढचं वाक्य

जुन्या मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला घेतल्या, की पहिलं वाक्य हातातून आपोआप उतरतं. अडतं ते दुसऱ्या वाक्यापाशी. एकेकाळी एका ताटात जेवलेल्या या मुलीला आज काय विचारावं, हेच कळत नाही. तिचं घर, तिची माणसं, तिच्या दिवसाचं वेळापत्रक यातलं काहीच आपल्या ओळखीचं उरलेलं नसतं. मग कुणी गुलाबाच्या फुलांचं चित्र पाठवून मोकळं होतं, तर कुणी ‘आठवतात का गं ते दिवस’ लिहून थांबतं. दोन्हींना उत्तर एकच येतं, ‘थँक्यू’ आणि दोन हात जोडलेले. पुढच्या वर्षीपर्यंत शांतता.

या दुसऱ्या वाक्याचा मी बराच विचार केला आहे. त्यासाठी एक जोडी डोळ्यांसमोर आणू. समजा, दोघी नाशिकच्या एका कॉलेजात बीएस्सीला होत्या, विषय वनस्पतिशास्त्र, वसतिगृहात खोली एकच. त्यातली एक आज पुण्यात बँकेच्या ऑडिट विभागात आहे. लग्न केलेलं नाही, महिन्यातले बरेच दिवस गावोगावच्या शाखांमध्ये जातात. दुसरी लग्न होऊन निफाड तालुक्यात गेली. घर एकत्र, मुलं दोन, आणि चार एकर द्राक्षबाग आता बरीचशी तीच बघते. वाढदिवस या दुसरीचा, 28 नोव्हेंबरला.

पुण्याच्या मैत्रिणीनं पहिल्या झटक्यात असं लिहिलं: ‘हॅपी बर्थडे डिअर! किती वर्षं झाली गं भेटून. तुझी खरी मजा आहे, मोकळी हवा, घरचं ताजं खाणं. आम्ही इथे नुसते पळतोय. मुलं कशी आहेत? एकदा पुण्याला ये ना.’

यातलं एकही वाक्य वाईट मनानं लिहिलेलं नाही. पण ते निफाडमध्ये बसून वाचू. बागेची ऑक्टोबर छाटणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाली असेल, तर 28 नोव्हेंबरला वेलीला साधारण पन्नास दिवस झालेले असतात. फुलोरा संपून मणी धरलेले असतात, विरळणीसाठी मजूर मिळवायचे असतात, आणि पहाटेचं धुकं किंवा ढगाळ हवा दिसली की डावणीच्या धाकानं फवारणीची घाई होते. 2023 साली तर याच दिवसांत, 26 नोव्हेंबरला, अवकाळी पाऊस आणि गारांनी निफाडच्या बागा झोडपल्या. त्या दिवसांत ‘तुझी मजा आहे’ हे वाचणाऱ्या बाईला एवढंच कळतं, की आपण काय करतो हे हिला ठाऊक नाही.

‘आम्ही इथे नुसते पळतोय’ या वाक्यात आणखी एक गोष्ट होते. वाढदिवस तिचा, आणि बोलणं वळलं लिहिणारीकडे. चार्ल्स डर्बर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1979 सालच्या आपल्या पुस्तकात गप्पांमधल्या प्रतिसादांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक प्रतिसाद विषय समोरच्याकडेच ठेवतो आणि त्याला पुढे बोलू देतो. दुसरा विषय अलगद स्वतःकडे ओढून घेतो. कुणी म्हणालं, ‘आज फार दमले,’ की ‘का गं, काय झालं?’ हा पहिला प्रकार, आणि ‘अगं, मीसुद्धा!’ हा दुसरा. आपल्याला वाटतं ‘मीसुद्धा’ म्हटल्यानं जवळीक वाढते. वेगळ्या वाटांवर गेलेल्या मैत्रिणींत ते बहुतेक वेळा उलटं पडतं, कारण दोघींचं दमणं सारखं नसतं. तीन शाखांचा हिशेब तपासून दमणं आणि पाठीवर पंप घेऊन ओळीमागून ओळ फिरून दमणं एका मापात बसवलं, की दोन्हींचा तपशील निघून जातो. ‘काय करणार, सगळेच बिझी’ हे वाक्य म्हणूनच मला पोकळ वाटतं. ते कुणालाही पाठवता येतं.

‘मुलं कशी आहेत?’ हा प्रश्न आपुलकीचा आहे, पण तो मुलांविषयी आहे. जिचा वाढदिवस, तिच्याविषयी यात एकही प्रश्न नाही. बिनलग्नाच्या मैत्रिणीला दरवेळी ‘मग, लग्नाचं काय?’ विचारणारे जे करतात, त्याचंच हे सौम्य रूप. आणि ‘पुण्याला ये’ म्हणजे तिनं हंगामातली बाग सोडून आपल्याकडे यावं. आमंत्रणसुद्धा आपल्या सोयीचं.

मग समान धागा शोधायचा कुठे? माझ्या मते तो आजच्या आयुष्यांतल्या साम्यात नसतो, कारण तिथे साम्य फारसं उरलेलंच नाही. नुसत्या आठवणींतही नसतो. ‘आठवतं का’ म्हटलं की ‘हो ना!’ एवढंच येतं आणि विषय तिथेच संपतो. कारण आठवण तिला विशीतल्या मुलीच्या जागी उभी करते, आणि त्यानंतर ती जे झाली त्याची दखलच घेत नाही. दोघींनी एकत्र शिकलेली, केलेली किंवा सोसलेली एखादी गोष्ट दोघींमध्ये वेगवेगळ्या रीतीनं जिवंत राहिलेली असते. शोधायची ती.

आपल्या जोडीकडे अशी गोष्ट आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं बघायची. बाईंचा एकच आग्रह असायचा, की जे दिसतं तेच काढा, पुस्तकातली आकृती उतरवू नका. आता निफाडची बाग बघा. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, आणि डावणीचे बीजाणू पानावरच्या ओलाव्यात पोहत त्याच रंध्रांतून आत शिरतात. प्रॅक्टिकलला सोललेली ती खालची बाजू ही बाई आज पोटासाठी तपासते. आणि पुण्याची? तिचा वनस्पतींशी संबंध संपला, पण रजिस्टरातली बेरीज पुरेशी न मानता मूळ व्हाउचर मागवायची सवय तिनं त्याच प्रयोगशाळेतून नेली आहे. म्हणजे दोघींचं शिक्षण वाया गेलेलं नाही. ते दोन ठिकाणी वापरात आहे.

हे सापडल्यावर निरोप असा होतो:

‘वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा गं! परवा एका शाखेत रजिस्टर बाजूला ठेवून मूळ व्हाउचर मागवली आणि आपल्या प्रॅक्टिकलच्या बाई आठवल्या. आकृती पुस्तकासारखी दिसते म्हणून त्यांनी तुझं जर्नल परत केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तू काढलेली पर्णरंध्रं त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवली. मी ती परीक्षेपुरती पाहिली. तू आता रोज पानं उलटून बघत असशील. खरंच विचारते, पानावर काय दिसलं की तुला कळतं, डावणी येतेय? घाई नाही, फवारणी उरकली की सांग.’

यात आठवण एकच आहे आणि ती नेमकी आहे. लिहिणारीनं स्वतःविषयी दोनच वाक्यं लिहिली आहेत, तीही मैत्रिणीकडे पोचायला पूल म्हणून. प्रश्नही एकच आहे, आणि त्याचं उत्तर देताना मैत्रीण जाणकार ठरते. चार प्रश्न विचारले तर दिवसभराच्या कामात त्यांची उत्तरं द्यायचं ओझं होतं, आणि ओझं माणूस उद्यावर ढकलतं. शेवटच्या वाक्यानं तिला सवड दिली आहे. तिच्या दिवसात फवारणी नावाचं काम असतं हे आपल्याला माहीत आहे, तेही न सांगता सांगितलं आहे.

जर्नल परत केल्याच्या आठवणीपाशी मी थोडी थबकले. ती तिला ओशाळवणार तर नाही? शेवट तिच्या सरशीत होतो म्हणून ती ठेवावी असं मला वाटतं. पण तिला शेवटच्या वर्षी लग्नासाठी शिक्षण सोडावं लागलं असतं, तर ही आठवण मी लिहिली नसती. दुसरी प्रयोगशाळेबाहेरची शोधली असती. याची परीक्षा सोपी आहे. हा निरोप तिनं जावेला किंवा मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला, तर तिला बरं वाटेल का? कितीतरी घरांत एकच फोन सगळ्यांच्या हातात फिरतो, त्यामुळे वसतिगृहातली गुपितं अशा निरोपात येता कामा नयेत.

गारपिटीनं बाग गेली असेल तर प्रश्न बदलावा लागतो. तेव्हा डावणीचं विचारणं क्रूर होईल. बागेचं कळलं एवढं सरळ लिहावं आणि फोन कधी करू, विचारावं. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर ‘हॅपी’ शब्दच गाळावा. आणि दोघींत जुनं भांडण अर्धवट राहिलं असेल, तर वाढदिवसाच्या निमित्तानं त्याचा निवाडा करायला बसू नये. त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

‘इतक्या वर्षांनी एकदम असं लिहिलं तर तिला विचित्र वाटेल’ ही भीती मात्र खुशाल बाजूला ठेवावी. अमेरिकेत पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली 13 प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 5,900 हून जास्त लोकांनी भाग घेतला होता. ओळखीच्या माणसाला सहज चार ओळी पाठवल्या तर त्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणाऱ्यांना करायला सांगितला, आणि ज्यांना त्या ओळी मिळाल्या त्यांनाही विचारलं. पाठवणाऱ्यांचे अंदाज सातत्यानं कमी निघाले. निरोप जितका अनपेक्षित, तितकं मिळणाऱ्याला त्याचं अप्रूप जास्त. पाठवणारा हेच अप्रूप हिशेबात धरायला विसरतो.

निरोप लागू पडला का, हे उत्तराच्या लांबीपेक्षा त्यातल्या मजकुरावरून कळतं. ‘थँक्यू डिअर’ आलं तर आग्रह धरू नये. आलेलं उत्तर कदाचित बागेतून चालता चालता बोललेलं असेल: ‘अगं, पानामागे पांढरं दिसलं म्हणजे उशीर झाला. त्याआधी वरच्या बाजूला तेलकट डाग येतो, पान उजेडाकडे धरलं की बरोबर कळतो. तुमच्याकडे लबाडी आधी कुठे दिसते गं?’

इथे बऱ्याच जणी ‘जाऊ दे, आमचं काम कंटाळवाणं’ म्हणून विषय उडवून लावतात. तसं करू नये. तिनं विचारलंय ते तिला खरंच ऐकायचं आहे, आणि तिनं दिलं तेवढंच बारीक उत्तर तिला मिळायला हवं. व्हाउचरांवरच्या तारखा महिनाभराच्या, पण पेन एकच, अक्षर एकाच बैठकीतलं, आणि कागदांना एकसारखी घडी, की संशय घ्यायचा, असं तिला लिहावं. आणि फेब्रुवारीच्या सुमाराला, तिच्या बागेची काढणी सुरू होईल तेव्हा, कुठलंही निमित्त नसताना विचारावं, की डाग आटोक्यात राहिला का, आणि माल कसा निघाला.