दाराखालची फट

आपल्या जुन्या घरांतून प्रत्येक खोलीला उंबरठा असे. दार मिटले की फळ्यांची खालची कड उंबरठ्याला टेकत असे, त्यामुळे खाली फट उरतच नसे. सदनिका आल्या, फरशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सलग जाऊ लागली आणि आतल्या दारांचे उंबरठे गेले. केर काढायला आणि म्हाताऱ्या माणसांना चालायला ते सोयीचे झाले खरे, पण दार फरशीला घासू नये म्हणून सुतार खाली बोटभर जागा सोडू लागला. मग परीक्षेच्या दिवसांत मुलगा दार लावून अभ्यासाला बसला, तरी बाहेरच्या टीव्हीवरची बातमी त्याला शब्दन् शब्द ऐकू येते. दार चांगले जाड असूनही असे का होते?

याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. समजा, दार 80 सें.मी. रुंद आणि 200 सें.मी. उंच आहे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ 16,000 चौ. सें.मी. झाले. खालची फट 1 सें.मी. असेल तर तिचे क्षेत्रफळ 80 चौ. सें.मी. भरते. हा दाराचा केवळ दोनशेवा भाग आहे. आता बाहेरून दारावर आवाजाच्या ऊर्जेचे 1,00,000 भाग येऊन पडतात असे मानू. चांगले भरीव लाकडी दार त्यांतले सुमारे हजारात एक, म्हणजे 100 भाग आत सोडते. फट मात्र तिच्यावर पडलेले सगळेच आत सोडते आणि तिच्यावर पडतात 500 भाग. एकूण 600 भाग आत आले, त्यांतले 500 त्या बोटभर फटीतून!

आता दुप्पट जाडीचे दार बसवले तर? दारातून येणारे 100 भाग साधारण 25 वर येतील, पण फटीचे 500 तसेच राहतील. बेरीज 525, म्हणजे खर्च मोठा आणि फरक जवळजवळ नाही. उलट दार तेच ठेवून फट 1 मि.मी. केली, तर फटीतून 50 आणि दारातून 100 असे 150 भागच येतील. आवाजाची ऊर्जा एक चतुर्थांश झाली. डेसिबलच्या भाषेत ही 6 डेसिबलची घट आहे. ती कानाला स्पष्ट जाणवते, पण खोली निःशब्द होत नाही. बोलणे ऐकू येते, पण शब्द लागेनासे होतात. हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात काही स्वर फटीतून जास्त येतात तर काही कमी. तरी निष्कर्ष बदलत नाही.

कुणी विचारील, फट तर पायाशी आहे, मग आवाज कानापर्यंत कसा येतो? प्रकाश फटीतून आला तर फरशीवर त्याचा पट्टा दिसतो आणि बाकी खोली अंधारीच राहते. पण प्रकाशाची तरंगलांबी फटीपेक्षा फारच लहान असते. माणसाच्या बोलण्यातल्या 500 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 70 सें.मी. असते. इतका लांब तरंग अरुंद फटीतून बाहेर पडला की वर-खाली सगळीकडे पसरतो. फट ही जणू खोलीतच ठेवलेला छोटा ध्वनिवर्धक बनते.

हीच फट धुळीची आणि किड्यांचीही वाट असते. खोलीत पंखा फिरत असला किंवा खिडकीवर वारा येत असला, की दाराच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात किंचित फरक पडतो. हवा फटीतून वाहते आणि फरशीलगतची हलकी धूळ व केस ओढून आणते. झुरळाचे म्हणाल, तर 2016 साली कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल या संशोधकांनी दाखवले, की अमेरिकन झुरळ आपले शरीर दाबून निम्मे करते आणि उभ्या उंचीच्या पावपटीहूनही कमी उंचीच्या भेगेतून एका सेकंदाच्या आत पार होते. उंदराच्या पिलाला 6 मि.मी. जागा पुरते. म्हणून झुरळ अडवायचे तर फट 2 मि.मी.च्या आत आणायला हवी. मुंग्यांपुढे मात्र कोणतीच पट्टी टिकत नाही.

आमच्या घरच्या दाराची हकीकत सांगतो. दार बंद करून फट तीन ठिकाणी मोजली: बिजागरीकडे 6, मध्ये 10 आणि कडीकडे 14 मि.मी. इतका फरक पाहून आम्ही आधी बिजागऱ्या तपासल्या. वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट होते, म्हणजे दार झुकलेले नव्हते. फरशीलाच उतार होता. मग दार हळूहळू उघडत नेऊन पाहिले. अर्धे उघडल्यावर फट सर्वांत कमी, 5 मि.मी. होत होती. पट्टी घासणार ती इथेच, हे आधीच कळले.

बाजारात तीन प्रकार मिळतात. दाराखाली सरकवायच्या दोन स्पंजच्या नळ्या सर्वांत स्वस्त, पण त्या लादी पुसताना भिजतात आणि घाण धरून ठेवतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीतला ब्रश उंचसखल फरशीवर छान सरकतो आणि धूळ व किडे अडवतो, पण त्याच्या केसांमधून आवाज येतोच. आम्हाला आवाज अडवायचा होता म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीतले लवचीक रबर निवडले.

पट्टी दाराच्या कोणत्या बाजूला लावायची, इथे पुष्कळांची चूक होते. दार ज्या बाजूला उघडते त्या बाजूच्या अंगावर ती लावावी. दुसऱ्या बाजूला लावली तर ती चौकटीला आपटते, मग दोन्ही टोके कापावी लागतात आणि कोपऱ्यांत नेमकी झुरळाला हवी तेवढी जागा उरते. पट्टीची भोके लांबट असतात. स्क्रू सैल ठेवून पट्टी फरशीच्या उताराप्रमाणे तिरपी केली आणि रबर फरशीला टेकून जेमतेम वाकेल असे बसवून मग स्क्रू आवळले. वर्तमानपत्राचा कपटा खाली घालून ओढला, तर तो किंचित अडखळत निघावा. सहज निघाला तर फट आहे, फाटला तर दाब जास्त आहे. जास्त दाबलेले रबर लवकर झिजते आणि कडी लागेनाशी होते. आमच्या दारात अर्ध्यावर रबर जास्त वाकते व थोडे घासते. तेवढे आम्ही चालवून घेतले.

रात्री बाहेरच्या बाजूने फरशीवर विजेरी ठेवून आतून पाहावे. उजेड दिसेल तिथे आवाजही येतो. खालची फट बुजली की बाजूच्या आणि वरच्या फटींचा आवाज प्रथमच लक्षात येतो. तिथे चौकटीच्या खाचेत फोमची चिकटपट्टी लावावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दाराखालची फट हीच पुष्कळदा खोलीत हवा येण्याची वाट असते. झोपलेला माणूस तासाला सुमारे 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 30 घनमीटरच्या खोलीत दोघे झोपले आणि खोली अगदी हवाबंद असती, तर तासागणिक त्याचे प्रमाण दशलक्षात 800 भागांनी वाढले असते. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. म्हणून पट्टी लावल्यावर जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. गॅसचा गीझर असलेल्या न्हाणीघराची फट तर कधीही बुजवू नये आणि बंद खोलीत शेगडी पेटती ठेवू नये. तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

वर्गात हे दाखवायला जाड पुठ्ठ्याचे खोके आणि गजराचे घड्याळ पुरे. झाकण बंद करून आवाज ऐका, मग झाकणाखाली एक पेन्सिल आडवी सरकवा आणि पुन्हा ऐका. त्यानंतर पेन्सिल काढून झाकणावर एक जाड पुस्तक ठेवा. आवाज कशाने जास्त बदलला, हे मुलांनाच सांगू द्या.