पॅन केलेल्या व्हिडिओत खांब तिरके का दिसतात? आणि ते कितपत सरळ होतात?

फलाटावर उभं राहून पलीकडच्या रुळावरून जाणाऱ्या फास्ट लोकलचा व्हिडिओ घेतला. गाडीबरोबर मोबाइलही फिरवला. नंतर पाहिलं तर गाडी व्यवस्थित, पण मागचे खांब आणि इमारती एका बाजूला कललेल्या. एका बातमीसाठी घेतलेल्या माझ्या क्लिपचं असंच झालं. हा दोष रोलिंग शटरचा. तो दुरुस्त होतो, पण पूर्ण नाही.

नेमकं काय घडतं?

मोबाइलचा सेन्सर अख्खी फ्रेम एका क्षणात टिपत नाही. तो वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. या वाचनाला २० मिलिसेकंद लागतात असं धरू. ताशी ६० किलोमीटर वेगानं १० मीटरवरून जाणारी गाडी फ्रेममध्ये ठेवायची, तर ती समोरून जाताना मोबाइल सेकंदाला साधारण ९० अंशांच्या वेगानं फिरवावा लागतो. म्हणजे फ्रेमची शेवटची ओळ वाचली जाईपर्यंत कॅमेरा १.८ अंश पुढे गेलेला असतो. १९२० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये ६० अंशांचं दृश्य मावत असेल, तर हा फरक सुमारे ५८ पिक्सेलचा होतो. परिणामी खांब ३ अंशांनी कलतो.

गाडी मात्र सरळ दिसते. कारण आपण तिच्याबरोबर फिरत असल्यामुळे फ्रेममध्ये ती जवळपास एकाच जागी असते.

हे आडव्या धरलेल्या मोबाइलचं झालं. उभा धरला तर सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात. मग पॅन करताना खांब कलत नाहीत. वस्तू रुंदीत ताणल्या किंवा आकसल्या जातात.

शटर स्पीड वाढवून उपयोग नाही

इथे अनेकांची गल्लत होते. शटर १/५० ऐवजी १/१००० सेकंद केलं, तर धूसरपणा जातो. पण ओळी वाचण्याचा वेळ तेवढाच राहतो. त्यामुळे कल तसाच राहून उलट जास्त ठळक दिसतो.

उपयोग होतो फ्रेम रेटचा. सेकंदाला ६० फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या आत वाचून व्हावीच लागते. १२० फ्रेमसाठी ८.३ मिलिसेकंदांत. मात्र त्यासाठी उजेड भरपूर हवा. दुसरा उपाय म्हणजे पॅनचा वेग निम्मा करणं. कलही निम्मा होतो.

घेतलेली क्लिप कशी सुधारायची?

प्रीमियर प्रोमध्ये Rolling Shutter Repair हा इफेक्ट आहे. त्यातला Rolling Shutter Rate म्हणजे एका फ्रेमच्या वेळेपैकी किती टक्के वेळ वाचनात गेला, तो आकडा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमचा वेळ ३३ मिलिसेकंद, म्हणून २० मिलिसेकंदांसाठी ६० टक्के. तुमच्या मोबाइलचा आकडा माहीत नसेल, तर जिथे पॅन सर्वांत वेगवान आहे ती फ्रेम निवडा आणि खांब सरळ होईपर्यंत स्लायडर हलवा. हे काम स्टॅबिलायझेशन, क्रॉप आणि वेग बदलण्याच्या आधी करायचं. मूळ फाइलच वापरा. कापाकापी झालेल्या क्लिपमध्ये ओळींचा हिशेब बिघडतो.

माझ्या क्लिपमध्ये खांब सरळ झाले, पण गाडी उलट्या दिशेला कलली! कारण दुरुस्ती सगळ्या फ्रेमला सारखीच लागू झाली आणि गाडीला तिची गरज नव्हती. शेवटी मी दुरुस्ती निम्म्यावर आणली. दोन्हीकडे थोडा कल राहिला, पण डोळ्यांना खटकत नाही.

काय सुधारत नाही?

धावत्या गाडीच्या खिडकीतून घेतलेल्या क्लिपमध्ये जवळचे खांब खूप कलतात, लांबचे डोंगर जवळपास नाही. एकच आकडा दोघांना लागू पडत नाही.

बाइकवर लावलेल्या मोबाइलचं दुखणं याहून अवघड. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक कंप २० मिलिसेकंदांचा, म्हणजे फ्रेम वाचून होईपर्यंत एक पूर्ण हेलकावा. खांब कलण्याऐवजी नागमोडी दिसतो. तो सरळ करायला मोबाइलच्या जायरोस्कोपची नोंद लागते. जायरोफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं. मात्र ही नोंद साठवणाऱ्या अॅपनं, स्टॅबिलायझेशन बंद ठेवूनच क्लिप घेतलेली हवी. नंतर ती नोंद मिळवता येत नाही.

आणि धूसरपणा? खांब सरळ झाला तरी पुसट राहतो. तो तपशील फ्रेममध्ये उतरलेलाच नसतो.