बावीस के जमिनीकडे, अकरा के परतीच्या वाटेवर

मावशीच्या ओव्या मी घरीच रेकॉर्ड करत होतो. तिचा आवाज स्वच्छ येत होता, पण त्याच्याखाली रस्त्यावरच्या ट्रकची घरघर आणि टेबलाला बसणारे धक्के सतत जाणवत होते. तिचा स्वर 150 हर्ट्झच्या खाली क्वचितच उतरतो, म्हणून 100 हर्ट्झच्या आसपास कात्री लावायची आणि खालचे सगळे काढून टाकायचे ठरवले. त्यासाठी हायपास फिल्टर हवा होता. हाताशी होता तो नेमका उलटा: बूफरसाठी पूर्वी बांधलेला लोपास. तो 102 हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ देई आणि वरचा अडवी.

हा फिल्टर बटरवर्थ जातीचा. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने 1930 साली फिल्टर-ॲम्प्लिफायरवरच्या लेखात ही रचना मांडली. जो पट्टा जाऊ द्यायचा, त्यात कुठेही उंचवटा किंवा खळगा न येता उत्तर शक्य तितके सपाट राहावे, हा तिचा गाभा. माझ्याकडचे सर्किट 1955 साली सॅलन आणि की यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचे होते. त्यात एक ऑप-अँप, दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर लागतात.

सर्किट शब्दांत असे सांगता येईल. सिग्नल येतो, एकामागे एक दोन रेझिस्टरमधून जातो आणि ऑप-अँपच्या प्लस पायावर पोहोचतो. प्लस पायापासून एक कपॅसिटर ग्राउंडला जातो. दोन रेझिस्टरच्या मधल्या सांध्यापासून दुसरा कपॅसिटर थेट ऑप-अँपच्या आउटपुटला जोडलेला असतो. ही परतीची वाट. आउटपुट मायनस पायाला जोडलेले असते, त्यामुळे ऑप-अँप आवाज वाढवत नाही, जेवढे प्लस पायावर येते तेवढेच बाहेर देतो. माझ्या लोपासमध्ये दोन्ही रेझिस्टर 11 किलोओहमचे होते, ग्राउंडचा कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरॅडचा आणि परतीच्या वाटेवरचा त्याच्या दुप्पट, 0.2 चा. ही दुप्पटच सपाटपणा देते. परतीचा कपॅसिटर याहून मोठा असेल तर कडेजवळ उंचवटा येतो, लहान असेल तर आवाज खूप आधीपासून उतरू लागतो.

आता अदलाबदल. रेझिस्टरचा अडथळा सगळ्या वारंवारतांना सारखा असतो. कपॅसिटरचा अडथळा वारंवारता वाढली की त्याच प्रमाणात घटतो. असा फिल्टर कोणता सूर किती जाऊ देईल, हे या दोन अडथळ्यांच्या गुणोत्तरावर ठरते. रेझिस्टरच्या जागी कपॅसिटर आणि कपॅसिटरच्या जागी रेझिस्टर आला की ते गुणोत्तर उलटे होते. म्हणजे कडेच्या दुप्पट वारंवारतेला जे घडत होते, तेच आता कडेच्या निम्म्या वारंवारतेला घडते. 102 हर्ट्झ जागच्या जागी राहतात आणि बाकी सगळे त्यांच्याभोवती आरशात पाहावे तसे फिरते. सपाटपणाही तसाच फिरतो. आधी तो खाली, शून्याकडे होता, आता वरच्या टोकाला जातो.

किमती कशा काढायच्या? कडेच्या वारंवारतेला प्रत्येक भागाचा अडथळा काढायचा आणि त्या जागी तेवढ्याच अडथळ्याचा दुसऱ्या जातीचा भाग बसवायचा. 102 हर्ट्झला 0.1 मायक्रोफॅरॅडचा अडथळा सुमारे 15.6 किलोओहम आहे, म्हणून ग्राउंडकडे 15.6 चा रेझिस्टर येतो. 0.2 चा अडथळा त्याच्या निम्मा असतो, म्हणून परतीच्या वाटेवर 7.8 येतो. 11 किलोओहमच्या जागी 0.14 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो. या किमती दुकानात सहज मिळत नाहीत. पण सगळेच अडथळे एकाच पटीत वाढवले तर फिल्टरचे वागणे बदलत नाही. 1.41 पटीने वाढवले की रेझिस्टर 22 आणि 11 किलोओहमचे होतात आणि कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरॅडचे. लाल-लाल-नारिंगी पट्ट्यांचे 22 के रेझिस्टर तीन घेतले, त्यातले दोन समांतर जोडून 11 के केले. 104 छापलेले दोन पॉलिएस्टर कपॅसिटर लावले आणि सर्किट तयार झाले.

फसगत कुठे होते ते नीट पाहायला हवे. लोपासमध्ये परतीच्या वाटेवर मोठा आकडा होता. कपॅसिटर मोठा म्हणजे अडथळा कमी. रेझिस्टरमध्ये मात्र आकडा मोठा म्हणजे अडथळा जास्त. म्हणून हायपासमध्ये परतीच्या वाटेवर लहान आकडा, 11 के, यायला हवा आणि 22 के ग्राउंडकडे जायला हवा. मी पहिल्यांदा सवयीने उलटे बसवले. अनेक जण शिकतात तो दुसरा प्रकार, ज्यात ऑप-अँप 1.586 पट वाढ देतो आणि दोन्ही रेझिस्टर, दोन्ही कपॅसिटर सारख्याच किमतीचे असतात. तिथे ही चूक होऊच शकत नाही, त्यामुळे तिची जाण येत नाही. त्या प्रकारात वेगळी काळजी लागते: वाढ ठरवणाऱ्या दोन रेझिस्टरना हात लावायचा नाही, ते तसेच राहतात.

तपासणीसाठी फोनवरच्या टोन जनरेटर ॲपमधून वेगवेगळे सूर सोडले आणि मल्टीमीटरच्या एसी रेंजवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही मोजले. साधे मीटर 50 हर्ट्झच्या आसपास खरे बोलतात आणि वर गेल्यावर चुकू लागतात, म्हणून नुसता आउटपुटचा आकडा धरू नये, त्याच मीटरने त्याच सुराला मोजलेल्या दोन आकड्यांचे गुणोत्तर घ्यावे. अपेक्षित गुणोत्तर या सूत्राने येते:

`1/√(1 + (102/f)^4)`

म्हणजे 50 हर्ट्झला 0.23, 102 ला 0.71, 200 ला 0.97 आणि 1000 ला जवळजवळ 1. माझ्या उलट्या जोडणीत 1000 हर्ट्झला 0.97 आले आणि क्षणभर सगळे ठीक वाटले. पण 102 हर्ट्झला 0.35 आणि 200 ला 0.62 निघाले. मावशीच्या आवाजाचा खालचा भाग दबला होता. कड बरोबर 102 वरच होती, फक्त तिथला उतार ढिला होता. म्हणून तपासताना वरच्या सुरांवर थांबू नये. कडेच्या वारंवारतेला 0.71 मिळतो का, हे पाहावे. तिथे 0.35 दिसला तर 11 आणि 22 यांची जागा बदलावी. मी तेच केले आणि आकडा 0.70 वर आला.

कपॅसिटरचा खरा आकडा छापील आकड्याहून दहा टक्के कमीजास्त असू शकतो. दोन्ही कपॅसिटर दहा टक्के मोठे निघाले तर कड सुमारे 93 हर्ट्झवर उतरते. पण सपाटपणा टिकतो, कारण तो रेझिस्टरच्या दुपटीवर अवलंबून असतो. दोन कपॅसिटरमध्ये वीस टक्के फरक असला तरी तो जेमतेम हलतो. त्यामुळे एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर घेणे इथे फायद्याचे ठरते. सिरॅमिकचे स्वस्त कपॅसिटर मात्र टाळावेत. त्यांची किंमत त्यांच्यावरच्या व्होल्टेजने बदलते आणि मोठ्या आवाजात फिल्टर बिघडतो.

शेवटची गोष्ट बॅटरीची. माझ्याकडे 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, मधला बिंदू ग्राउंड. एकाच बॅटरीवर लोपास चालवताना प्लस पायाला लागणारे निम्मे व्होल्टेज इनपुटकडून रेझिस्टरमधून येते. हायपासमध्ये ती वाट दोन कपॅसिटर अडवतात. तेव्हा 22 के रेझिस्टरचे खालचे टोक बॅटरीच्या मायनसला न लावता निम्म्या व्होल्टेजच्या बिंदूला लावावे लागते. तसे न केल्यास ऑप-अँप लाटेचा खालचा अर्धा भाग कापून टाकतो आणि आवाज फाटका येतो.