एकराला किती डिझेल? नांगराच्या ओढीचा हिशेब

ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न असतो, 'किती एचपीचा?' आणि भाड्याने नांगरट करून देणाऱ्याला विचारलं जातं, 'एकराला डिझेल किती जातं?' बहुतेकांच्या मनात या दोन प्रश्नांची गाठ पक्की बसलेली असते. मोठा ट्रॅक्टर जास्त डिझेल पितो, लहान कमी, असा तो समज. तासाच्या हिशेबाने तो खराही आहे. पण शेत तासाने मोजत नाहीत, एकराने मोजतात, आणि एकराचा हिशेब वेगळा निघतो.

सुरुवात जमिनीपासून करू. नांगराचा फाळ जमिनीत शिरतो तेव्हा मातीचा एक लांबलचक पट्टा कापून, उचलून, उलटा टाकतो. त्या पट्ट्याचा उभा काप बघितला तर तो रुंदी आणि खोली यांचा एक आयत असतो. या आयताच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे माती काही विरोध करते. हलक्या वालुकामय जमिनीत हा विरोध कमी असतो, भारी काळ्या जमिनीत जास्त. अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या संघटनेने ओढीचं जे गणित ठरवून दिलं आहे, त्यात चिकणमातीच्या जमिनीला १ धरलं तर मध्यम जमिनीला ०.७ आणि वालुकामय जमिनीला ०.४५ धरतात. म्हणजे तोच नांगर, तीच खोली, तरी ओढ निम्म्याहून खाली येऊ शकते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मराठवाड्यातली भारी काळी जमीन, हरभरा निघालेला, जमिनीत थोडा ओलावा शिल्लक. मागे दोन फाळांचा पलटी नांगर, प्रत्येक फाळ १२ इंची. दोन्ही मिळून रुंदी ६० सेंटिमीटर. खोली ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर. आयत झाला १,२०० चौरस सेंटिमीटरचा. अशा जमिनीत, सावकाश चालताना, चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो विरोध धरणं वाजवी आहे. तेव्हा ओढ आली ८४० किलो. ट्रॅक्टरच्या मागे सतत ८४० किलोचा ताण आहे, असा याचा अर्थ.

ही ओढ अंदाजाने न धरता मोजताही येते. दोन ट्रॅक्टर एकामागे एक लावायचे आणि मधे ताण दाखवणारा काटा. मागच्या ट्रॅक्टरला नांगर जोडलेला, पण तो न्यूट्रलमध्ये; पुढचा त्याला ओढतो. एकदा नांगर वर उचलून काटा वाचायचा, एकदा जमिनीत घालून. दोन आकड्यांतला फरक ही निव्वळ नांगराची ओढ. अवजारांच्या चाचणीची ही जुनी रीत आहे, आणि ती इतकी सरळ आहे की बघणाऱ्याला सगळं तिथेच उमगतं.

ओढ कळली की लागणारी ताकद काढणं सोपं. सेकंदाला ७५ किलो ओढ एक मीटर नेली की एक एचपी. नांगर ताशी साडेचार किलोमीटरने चालला तर सेकंदाला सव्वा मीटर जातो. ८४० गुणिले १.२५ भागिले ७५, म्हणजे १४ एचपी.

मग ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर कशाला लागतो? कारण हे १४ एचपी नांगराच्या जोडणीपाशी पोचलेले आहेत. इंजिनपासून तिथपर्यंत येताना वाटेत गळती होते. गिअरबॉक्स, डिफरेन्शिअल आणि हायड्रोलिक मिळून साधारण पंधरा टक्के खातात. उरलेल्यातला मोठा वाटा चाकांपाशी जातो: टायर मातीत रुततो, त्या खड्ड्यातून त्याला सतत वर चढावं लागतं, शिवाय तो थोडा जागीच फिरतो. शेतात इंजिनच्या ताकदीपैकी नांगरापर्यंत ५५ टक्के पोचले तरी काम चांगलं चाललंय म्हणायचं. १४ भागिले ०.५५ केलं की इंजिनवर भार येतो साडेपंचवीस एचपीचा. वर मधेच एखादा कडक पट्टा लागतो, हरळीची गड्डी लागते. तिथे इंजिनने दम टाकू नये म्हणून पूर्ण ताकदीच्या पाऊण भागावरच रोजचं काम बसवायचं. तेव्हा आकडा येतो ३४ एचपी.

मध्य प्रदेशातील बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. त्यांच्या अहवालात जोडणीपाशी मिळणारी ताकद दिलेली असते. ती वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की ती चाचणी कडक, सपाट ट्रॅकवर होते. नांगरलेल्या रानात तेवढी ताकद मिळणार नाही.

कागदावर ३५ एचपीचा ट्रॅक्टरही हे काम रेटून नेईल असं दिसतं. अडचण येते ती वजनाची. चाक जमिनीला किती ढकलू शकतं, हे त्याच्यावर किती भार आहे यावर ठरतं. घट्ट जमिनीत मागच्या चाकांवरच्या भाराच्या साधारण निम्मी ओढ मिळते. म्हणजे ८४० किलो ओढीसाठी मागच्या चाकांवर सोळाशे-सतराशे किलो भार हवा. दोन टनांच्या ट्रॅक्टरचा मागचा भार तेराशेच्या आसपास असतो. त्यात नांगराचं वजन आणि ओढताना पुढून मागे सरकणारा भार मिळून जेमतेम भागतं. लहान ट्रॅक्टरचं इंजिन पुरतं, पण वजन पुरत नाही, आणि चाकं तिथल्या तिथे माती उकरत राहतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरतात आणि चाकाला लोखंडी वजनं लावतात ती याचसाठी.

आता डिझेल. नांगर ६० सेंटिमीटर रुंद, एकर ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एक एकर नांगरायला नांगराला जवळजवळ ६,७४५ मीटर चालावं लागतं. ८४० किलोची ओढ एवढं अंतर नेण्याचं काम वीजबिलाच्या मापात मांडलं तर ते १५.४ युनिट भरतं. गळती धरून इंजिनला द्यावे लागतात २८ युनिट. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. त्यातले चांगल्या स्थितीतलं इंजिन ३ युनिट कामाला लावतं, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. २८ भागिले ३, म्हणजे ९.३ लिटर. वळणांचं धरून दहाच्या आसपास.

या हिशेबाची खरी गंमत रुंदीत आहे. तीन फाळांचा नांगर लावला तर ओढ दीडपट होते, पण चालण्याचं अंतर त्याच प्रमाणात कमी होतं. दोन्ही एकमेकांना खोडतात. एकराचं काम तेवढंच राहतं. म्हणून मोठा ट्रॅक्टर मोठ्या नांगराने वेळ वाचवतो, डिझेल फारसं वाचवत नाही, आणि योग्य भारावर चालला तर जास्त जाळतही नाही. एकराच्या हिशेबात उरतात त्या दोनच गोष्टी: मातीचा विरोध आणि खोली. या उदाहरणात ९.३ लिटर आठ इंचांना गेले, म्हणजे इंचाला एक लिटरहून थोडं जास्त. 'जरा खोल घे' असं बांधावरून सांगताना आपण एकरामागे एक लिटर सांगतो आहोत, हे शेतकऱ्याने आणि चालकाने दोघांनीही जाणून असावं. माझ्या मते पिकाला गरज नसताना दहा इंच नांगरणं ही डिझेलची सर्वांत मोठी नासाडी आहे.

विरोध मात्र जमिनीच्या जातीवरच नाही, तर दिवसावरही ठरतो. वाफशावर ०.७ असलेली जमीन उन्हाने भेगाळून कडक झाली आणि विरोध १ किलोवर गेला, तर ओढ १,२०० किलो होते, डिझेल तेरा लिटरच्या पुढे जातं, आणि आपल्या ट्रॅक्टरच्या वजनाला ती ओढ पेलतच नाही. वर मोठमोठी ढेकळं निघतात, ती फोडायला रोटाव्हेटरचं डिझेल वेगळं. वेगाचंही तसंच आहे. ताशी साडेचारऐवजी सात किलोमीटरने नांगर पळवला तर भारी जमिनीत ओढ जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढते, कारण माती नुसती उलटत नाही, दूर भिरकावली जाते.

शेताच्या आकाराचा वाटा लहान असतो, पण तो दिसतो. २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद एकरात ३३ वळणं पडतात. चौकोनी एकरात शंभराच्या वर. वळणाला वीस सेकंद धरले तर एकीकडे अकरा मिनिटं, दुसरीकडे पस्तीस. डिझेलचा फरक अर्ध्या लिटरच्या आगेमागे.

आपल्या ट्रॅक्टरचा आकडा काढायचा तर सपाट जागेवर उभा करून टाकी काठोकाठ भरायची, टेपने मोजलेला एकर नांगरायचा, परत त्याच जागी त्याच दिशेने उभा करून मापाने डिझेल ओतायचं. सात-बारावरचा एकर धरू नये. बांध, विहीर, झाड वजा करून प्रत्यक्ष नांगरलेलं क्षेत्र घ्यावं.

समजा दहाऐवजी तेरा लिटर लागले. आधी खोली बघायची. तासात उभी पट्टी न नांगरलेल्या कडेला टेकवून पाच-सहा ठिकाणी मोजायची. समजा ती नऊ इंच भरली. मग चाकाची घसर. मागच्या टायरवर खडूची खूण करून नांगर उचललेल्या स्थितीत दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजायचं, समजा ४० मीटर. मग नांगर घालून दहा फेऱ्या. इथे ३४ मीटर आले तर घसर पंधरा टक्के, आणि तेवढी असावीच. अजिबात घसर नसेल तर ट्रॅक्टर उगाच जड केलेला आहे. पण २९ मीटर आले तर घसर साडेसत्तावीस टक्के झाली. पहिल्या ९.३ लिटरांवर खोलीने एक लिटरहून जास्त चढवलं, घसरीने आणखी पावणेदोन. वळणांचं धरून तेराचा हिशेब तिथेच लागतो. दोन्हींचं मूळ बहुधा एकच असतं: नांगर खोल गेला, म्हणून ओढ वाढली, म्हणून चाक घसरलं. अशा वेळी आधी टॉप लिंक आणि हायड्रोलिकने खोली आठवर आणायची, फाळाची धार बघायची, आणि तरीही घसर राहिली तर मगच चाकांवर वजन वाढवायचं.

हे सगळं जागेवर असूनही डिझेल जास्त जात असेल तर कान इंजिनकडे द्यावेत. पूर्ण रेस देऊन खालच्या गिअरमध्ये हलका भार ओढणारं इंजिन डिझेल वाया घालवतं. एक गिअर वर आणि रेस कमी केली की तोच वेग कमी डिझेलमध्ये मिळतो. पण त्या गिअरमध्ये काळा धूर सुटला किंवा फेरे खाली बसायला लागले, तर इंजिनवर झेपेल त्याहून जास्त भार आहे, परत खालच्या गिअरवर यावं. भार हलका असतानाही काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर आणि इंजेक्टर तपासायला न्यावेत.